फोनवर ‘टीव्ही जोडला गेला’ असं आलं, पण टीव्ही जागचा हलत नाही

सातपूरकर
आई-बाबा नाशिकरोडला, जेलरोडवर राहतात. मी सातपूरला. त्यांच्याकडे नवीन टीव्ही घेतलाय आणि त्यावरच्या एका ओटीटी ॲपमध्ये माझं खातं चालू करून द्यायचंय. ॲप उघडलं की पडद्यावर क्यूआर येतो आणि त्याखाली आठ अक्षरांचा कोड. रिमोटने पासवर्ड टाकायची कटकट नको म्हणून ही सोय मला आवडली होती.

आईने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. कंपनीत जेवणाची सुट्टी झाल्यावर मी तो पाहिला, ॲपने सांगितलेला पत्ता फोनवर उघडला आणि कोड टाकला. हिरवी खूण आली, ‘तुमचा टीव्ही जोडला गेला आहे’. आईला फोन केला तर ती म्हणते, इथे अजून कोडच दिसतोय. संध्याकाळी तिने पुन्हा फोटो पाठवला, तर या वेळी ‘कोड चुकीचा आहे किंवा त्याची मुदत संपली आहे’.

दुसऱ्या वेळचं समजू शकतो. पण पहिल्या वेळी हिरवी खूण आली मग टीव्ही का हलला नाही? आणि माझं खातं नेमकं कुठे जोडलं गेलं? दुसऱ्याच कोणाच्या टीव्हीवर तर नाही ना? प्रत्येक वेळी द्वारका ओलांडून जेलरोडला जाणं जमत नाही, म्हणून विचारतोय.

पंचवटी_पाटील
सोपं आहे. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर पाहिजेत. तुम्ही सातपूरला, टीव्ही जेलरोडला, कसं होणार? आमच्याकडे फोन मोबाइल डेटावर होता तेव्हा टीव्ही सापडतच नव्हता. वायफायवर घेतला आणि लगेच झालं.

मिसळ_आणि_मठ्ठा
द्वारका सर्कलला अडकलं की कोडच काय, फोनच्या बॅटरीचीही मुदत संपते.

काकू_इंदिरानगर
आमच्याकडेही तोच त्रास. रिचार्ज केला तरी सेट टॉप बॉक्सवर चॅनल येत नाहीत, केबलवाला म्हणतो बॉक्स बंद करून चालू करा. शिवाय आमचे हे क्यूआर स्कॅन करू देत नाहीत, म्हणतात स्कॅन केलं की खात्यातून पैसे जातात. टीव्हीवरचा क्यूआर पैशांचाच असतो का?

तारायंत्र
काकू, तुमच्या सेट टॉप बॉक्सचं दुखणं वेगळं आहे, ते केबलवाल्याकडूनच सुटेल. क्यूआरचं सांगतो. तो चौकोन म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर. दुकानातल्या क्यूआरमध्ये दुकानदाराचा यूपीआय पत्ता असतो, टीव्हीवरच्या क्यूआरमध्ये एका वेबपानाचा पत्ता आणि बहुतेक वेळा त्यातच तो कोड. म्हणून पैसे पाठवायच्या ॲपच्या स्कॅनरने टीव्हीचा क्यूआर स्कॅन केला तर ‘हा क्यूआर चालत नाही’ असं येतं. फोनचा साधा कॅमेरा धरायचा. आणि नुसता क्यूआर स्कॅन केल्याने पैसे जात नाहीत. लॉगिनच्या क्यूआरनंतर कोणी यूपीआय पिन मागितला, तर तिथेच थांबायचं.

आता सातपूरकरांचं. माझा रोजचा धंदाच लॉगिनच्या यंत्रणांचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ॲप उघडल्यावर टीव्ही कंपनीच्या सर्व्हरला म्हणतो, मला एक कोड दे. सर्व्हर दोन गोष्टी देतो. एक छोटा कोड, जो पडद्यावर दिसतो. दुसरा लांबलचक गुप्त कोड, जो टीव्ही स्वतःजवळ ठेवतो आणि कोणालाच दाखवत नाही. मग टीव्ही दर काही सेकंदांनी तो लांब कोड दाखवून सर्व्हरला विचारत राहतो, ‘झालं का? कोणी परवानगी दिली का?’ याचं एक जाहीर मानक आहे, आरएफसी ८६२८, ऑगस्ट २०१९ चं. सर्व्हरने वेगळं काही सांगितलं नसेल तर दर ५ सेकंदांनी विचारावं असं त्यात आहे. सगळ्या कंपन्या ते अक्षरशः पाळतात असं नाही, पण घडण हीच.

म्हणजे तुमचा फोन टीव्हीशी बोलतच नाही. फोन सर्व्हरला सांगतो, ‘या कोडवाल्याला माझ्या खात्यात घे.’ सर्व्हर तशी नोंद करतो आणि तुम्हाला हिरवी खूण दाखवतो. ती खूण एवढंच सांगते की परवानगी नोंदली गेली. ती परवानगी उचलून घ्यायला टीव्हीने विचारावं लागतं, आणि तेही त्याच लांब कोडने. फोटो काढल्यापासून तुम्ही कोड टाकेपर्यंत आईंनी ॲप बंद करून पुन्हा उघडलं असेल, तर टीव्हीने नवी जोडी मागून घेतली. जुन्या छोट्या कोडची मुदत संपलेली नव्हती, म्हणून तुम्हाला हिरवी खूण आली. पण जुना लांब कोड आता कोणाकडेच नाही, त्यामुळे विचारायला कोणी आलंच नाही.

तुमचं खातं दुसऱ्या कोणाकडे गेलेलं नाही. ती परवानगी कोणी न उचलता मुदतीनंतर बाद होते. आईंना एवढंच विचारा, फोटो पाठवल्यावर रिमोटचं कोणतं बटण दाबलं होतं?

सातपूरकर
विचारलं. फोटो पाठवल्यावर माझं उत्तर आलं नाही, तोवर बाबांना बातम्या बघायच्या होत्या. तिने बॅक दाबून बातम्या लावल्या आणि माझा फोन यायच्या आधी पुन्हा ॲप उघडून ठेवलं. मी फोटोतला कोड आणि तिने फोनवर वाचलेला कोड आता ताडून पाहिला. दोन्ही वेगळे!

तारायंत्र
मग निदान पक्कं. ही गोष्ट ओळखायची खूण तीच, फोनवर यश आणि टीव्हीवर कोड तसाच. तेव्हा पडद्यावरचा कोड आणि तुम्ही टाकलेला कोड अक्षर-अक्षर जुळवून बघायचा. जुळत असूनही टीव्ही अडला असेल, तर तो झोपी गेला असेल किंवा त्याचं नेट गेलं असेल, म्हणजे विचारणं थांबलंय. स्क्रीनसेव्हर लागला की काही ॲप पाठीमागे जातात आणि विचारणं बंद करतात. पुढच्या वेळी फोटो नको. आईंना फोनवर घ्या, त्यांनी टीव्हीसमोर बसून कोड वाचायचा, तुम्ही तेव्हाच टाकायचा आणि पडदा बदलेपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही.

पंचवटी_पाटील
मग आमच्याकडे वायफायवर घेतल्यावरच का झालं? मी उगाच नाही सांगत.

तारायंत्र
पाटील, तुम्ही वापरली ती वाट वेगळी. काही ॲपमध्ये ‘फोनने साइन इन करा’ असा पर्याय असतो, त्यात फोन आजूबाजूचा टीव्ही शोधतो आणि फोनवर आपोआप विचारणा येते. यूट्यूबमध्येही तसं आहे. त्याला एकच वायफाय लागतं, तिथे तुमचं बरोबर. पण कोड टाकायच्या वाटेला लागत नाही. टीव्ही जेलरोडला आणि फोन सातपूरला असला तरी चालतं, कारण दोघंही सर्व्हरशीच बोलतात.

भगूरची_लेक
फोनवर कोड वाचून घेणं वाटतं तितकं सोपं नाही हो. माझी आत्या वाचायची तेव्हा बी, डी, पी, टी सगळं एकच ऐकू यायचं. शेवटी आम्ही गावांची बाराखडी केली. बी भगूर, डी दिंडोरी, पी पंचवटी, टी त्र्यंबक, एन नाशिक, एम मनमाड, एस सिन्नर, एल लासलगाव, के कळवण, व्ही वणी, एच हरसूल, जी घोटी. आत्याला इंग्रजी अक्षरांपेक्षा गावं पाठ. ‘मनमाड, दिंडोरी, लासलगाव, पुढे परत मनमाड’ असं ती एसटीच्या कंडक्टरच्या थाटात सांगते आणि पहिल्या झटक्यात काम होतं.

मिसळ_आणि_मठ्ठा
मनमाडहून दिंडोरीमार्गे लासलगाव म्हणजे आत्यांची बस फारच फिरून जाते.

तारायंत्र
भगूरची_लेक, ही बाराखडी मी माझ्या आईसाठी उचलणार. एक भर घालतो. त्या मानकात सुचवलंय की कोडमध्ये स्वर नकोत, फक्त BCDFGHJKLMNPQRSTVWXZ ही २० व्यंजनं घ्यावीत. स्वर नसले की चुकून भलताच शब्द तयार होत नाही, आणि शून्य-ओ, एक-आय असा गोंधळही टळतो. सगळ्या सेवा हे पाळत नाहीत, काही नुसते आकडे देतात. पण अक्षरी कोड असेल आणि समोरच्याने ‘ओ’ वाचला, तर आधी शंका घ्यावी.

निवृत्त_देवळाली
मी बँकेत आयुष्य काढलं. इथे जे चाललंय ते मला पटत नाही. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही घसा कोरडा करून सांगतो की आलेला कोड फोनवर कोणालाही सांगायचा नाही, मुलालासुद्धा नाही. आणि तुम्ही त्यांना कोड फोनवर वाचायला शिकवताय. उद्या भामट्याचा फोन आला की ही माऊली त्यालाही गावांच्या नावांनी ओटीपी वाचून दाखवेल.

तारायंत्र
काका, तुमची काळजी योग्य आहे, म्हणून फरक नीट मांडतो. ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करतो. तो सांगितला की समोरचा तुमच्या नावाने आत शिरतो. धोका सांगणाऱ्याला.

टीव्हीचा कोड उलट्या दिशेचा आहे. तो टीव्हीची ओळख आहे, माणसाची नाही. सातपूरकरांच्या आईंनी कोड भलत्यालाच वाचून दाखवला, तर फार तर त्याचं खातं यांच्या टीव्हीवर चालू होईल. खातं हातातून जातं ते कोड टाकणाऱ्याचं, कारण ज्या यंत्राने तो कोड मागितला ते यंत्र टाकणाऱ्याच्या खात्यात शिरतं.

म्हणून जपायची जागा दुसरीकडे आहे. कोणी मेसेजमधून कोड किंवा क्यूआर पाठवला आणि म्हणालं, ‘एवढा टाका, बक्षीस मिळेल’ किंवा ‘मीटिंगला जोडले जाल’, तर तो टाकायचा नाही. पान खरं असतं, पत्ता खरा असतो, पासवर्डही आपण खऱ्या जागीच टाकतो, त्यामुळे संशय येत नाही. पण कोड त्याच्या यंत्राचा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच कोडवाटे संस्थांची खाती बळकावणाऱ्या टोळीबद्दल जाहीर इशारा दिला होता. मी घरी एकच नियम ठेवलाय. कोड समोरच्या पडद्यावर स्वतः पाहिलेला हवा, नाहीतर आपण स्वतः फोन करून, ओळखीच्या आवाजात, आपल्याच टीव्हीवरून वाचून घेतलेला.

निवृत्त_देवळाली
दिशा उलटी आहे हे समजलं, आणि आजवर मला हे कोणी असं सांगितलं नव्हतं. तरीही सत्तरीतल्या माणसाने घाईत या दिशा लक्षात ठेवाव्यात ही अपेक्षा मला जास्त वाटते. आमच्या घरी नियम ‘फोनवर आलेला कोणताच कोड सांगायचा नाही’ हाच राहील. टीव्हीसाठी नातू घरी येईल तेव्हा बघू.

भगूरची_लेक
काका, आत्याला आम्ही असं सांगितलंय. टीव्हीच्या पडद्यावरचं वाचायचं, फोनच्या पडद्यावरचं कधीच वाचायचं नाही. हे तिच्या लक्षात राहतं.

निवृत्त_देवळाली
हे मात्र घेण्यासारखं आहे.

अंबड_वर्कशॉप
आमच्याकडे तर कोडच दिसत नव्हता. ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच. पावसात लाइट जाऊन आली की हे व्हायचं. नेट चालू होतं, फोनवर सगळं दिसत होतं. एका मेकॅनिक मित्राने टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख बघायला सांगितली, तर टीव्ही कित्येक वर्षं मागे! तारीख-वेळ ‘आपोआप’ वर केली आणि कोड आला.

तारायंत्र
बरोबर. टीव्ही सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, त्यावर मुदतीच्या तारखा असतात. घड्याळ मागे गेलं की खरं प्रमाणपत्रही ‘अजून लागू झालेलं नाही’ असं दिसतं आणि टीव्ही बोलणंच थांबवतो. ओळखायचं असं, एकच ॲप अडत असेल तर दोष बहुधा त्या ॲपचा, सगळीच ॲप एकदम अडली तर आधी तारीख बघा.

गंगाघाट_७
एक अनुभव सांगते, कारण यात आमच्या शेजाऱ्यांचे पैसे जाता जाता वाचले. टीव्हीवर पत्ता दिसत होता. त्यांनी तो फोनच्या वरच्या पट्टीत पूर्ण न टाकता, ॲपचं नाव आणि ‘ॲक्टिव्हेट’ असं सर्चमध्ये टाकलं. वरच एक पान आलं, दिसायला हुबेहूब. कोड टाकला, थोडं गोल फिरलं आणि ‘ॲक्टिव्हेशन अयशस्वी, या नंबरवर फोन करा’. फोनवरचा माणूस गोड बोलून आधी फी मागू लागला, मग म्हणाला फोनचा पडदा दाखवणारं एक ॲप टाकून घ्या. तेवढ्यात त्यांची सून आली आणि तिने फोन कापला.

टीव्ही जोडायला वेगळी फी नसते. पत्ता टीव्हीवर दिसतो तसाच्या तसा टाकायचा, उदाहरणार्थ youtube.com/activate किंवा netflix.com/tv8 किंवा primevideo.com/mytv. सर्चमध्ये शोधायचा नाही. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

पंचवटी_पाटील
हे लिहिलंत ते बरं केलंत. मीसुद्धा पत्ता सर्चमध्येच टाकतो. आता नाही टाकणार.

सातपूरकर
काल रात्री आईला फोनवर घेऊन केलं. ‘पंचवटी, कळवण, मनमाड’ करत तिने वाचलं, मी टाकलं, आणि तिच्या तोंडून ‘अरे आलं की!’ ऐकू आलं. खूप आभार.

पण एक नवीन भानगड. बायकोने तिच्या फोनवरून दुसरं ॲप जोडलं, तर टीव्ही म्हणतो प्लॅन विकत घ्या. प्लॅन तर आमच्याकडे आहे.

तारायंत्र
त्यांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये त्यांचा स्वतःचा ईमेल आधीच उघडा असेल. क्यूआर स्कॅन केला की टीव्ही त्या खात्याला जोडला जातो जे फोनवर त्या क्षणी चालू आहे. प्लॅन तुमच्या ईमेलवर, जोडलं गेलं त्यांचं. परवानगीचं बटण दाबण्याआधी पानावर कोणता ईमेल दिसतोय तो वाचायला सांगा. टीव्हीवर साइन आउट करून पुन्हा नवा कोड घ्या.

आणि हे आधीच सांगून ठेवतो, कोडने आत गेलात म्हणजे कायमचे गेलात असं नाही. नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३ पासून एक खातं एका घरापुरतं असा नियम लावला. सातपूर आणि जेलरोड ही त्यांच्या हिशेबात दोन घरं. काही दिवसांनी टीव्हीवर ‘हा टीव्ही तुमच्या घरातला नाही’ असं आलं, तर दोष कोडचा नसेल.

द्राक्षवाडी_मुक्काम
गंगापूर धरणाकडे आमचं छोटं होमस्टे आहे. माझा प्रश्न उलटा आहे. पाहुणे क्यूआरने दोन मिनिटांत लॉगिन करतात आणि तसेच सोडून जातात. पुढच्या पाहुण्याला आधीच्याची प्रोफाइल, मुलांची नावं, काय पाहिलं ते सगळं दिसतं. २०२७ च्या सिंहस्थात खोल्या सतत भरलेल्या असतील, तेव्हा तर रोजच होईल. प्रत्येक वेळी टीव्ही फॅक्टरी रीसेट करायचा का?

तारायंत्र
रीसेट केलं तर पुढे सगळी मांडणी तुम्हालाच परत करावी लागेल. काही टीव्हींमध्ये हॉटेल किंवा गेस्ट मोड असतो, आहे का ते बघा. नसेल तर खोली आवरणाऱ्या माणसाला चादरी बदलण्याबरोबर प्रत्येक ॲपमधून साइन आउट करायला शिकवा. पाहुण्याला स्वतःलाही करता येतं, घरी गेल्यावर खात्यात जोडलेल्या उपकरणांची यादी असते, त्यातून तो टीव्ही काढायचा. खोलीत तशी सूचना लावा.

अंबड_वर्कशॉप
एवढं कशाला, पाहुण्याने पासवर्ड बदलला की सगळे टीव्ही बाहेर पडतात.

भगूरची_लेक
माझा अनुभव तसा नाही. पासवर्ड बदलून बरेच दिवस झाले तरी आत्याचा टीव्ही चालूच होता.

तारायंत्र
दोघांचंही खरं असू शकतं. टीव्हीकडे तुमचा पासवर्ड कधी गेलेलाच नसतो, त्याला सर्व्हरने वेगळी किल्ली दिलेली असते. पासवर्ड बदलल्यावर ती किल्ली रद्द करायची की नाही हे प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. काही ठिकाणी बदलताना ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढा’ अशी खूण करायची जागा असते. त्यामुळे पासवर्डवर विसंबू नका, यादी उघडून टीव्ही काढा.

द्राक्षवाडी_मुक्काम
यादीत आमचा टीव्ही ओळखायचा कसा? पाच खोल्यांत एकाच कंपनीचे टीव्ही आहेत.

गंगाघाट_७
टीव्हीच्या सेटिंगमध्ये उपकरणाचं नाव बदलता येतं का बघा. आमच्याकडे ‘हॉल’ आणि ‘बेडरूम’ असं ठेवलंय, एका ॲपच्या यादीत तेच दिसतं, दुसऱ्यात मात्र नुसतं कंपनीचं नाव येतं.

द्राक्षवाडी_मुक्काम
आज दुपारी खोल्या रिकाम्या आहेत, नावं देऊन बघतो. कोणत्या ॲपमध्ये दिसतात ते इथेच लिहीन.